मधल्या देशातून

त्याला सुईत दोरा कधी धड ओवता आला नाही, तरी अख्खा बाजार त्याला शिंपी म्हणत असे. काचसामानाच्या दुकानाशेजारच्या अरुंद जिन्याने वर गेलं की त्याची एका खोलीची कचेरी होती. एक टेबल, एक संगणक, गिऱ्हाइकांसाठी दोन खुर्च्या, आणि भिंतीवर विमान कंपन्यांची जुनी चित्रं. उन्हाने त्यांतलं आभाळ पिवळं पडलं होतं आणि समुद्रही. इथे बसून तो विमानाची तिकिटं काढून देई. तिकिटं काढणारे गावात आणखीही होते, पण त्याचं वैशिष्ट्य निराळं. एका कंपनीचं तिकीट घ्यायचं, मधल्या कुठल्या तरी देशापर्यंतचं. तिथून दुसऱ्याच कंपनीचं दुसरं तिकीट. आणि दोन्हींच्या वेळा अशा जुळवायच्या की गिऱ्हाईक सुखरूप पोचावं. सरळ तिकीट मिळत नसेल, नाहीतर परवडत नसेल, तर माणसं त्याच्याकडे येत. तो असा टाका घाली की शिवण दिसू नये. म्हणून शिंपी. त्याची आई मात्र खरोखरच लोकांचे कपडे शिवायची, त्यामुळे जुनी माणसं म्हणत, आईचा धंदा पोराने चालवला, फक्त कापड बदललं.

ह्या कामाची एक गोम होती आणि ती त्याला पुरती ठाऊक होती. दोन तिकिटं वेगळी असली की प्रवाशाची मोठी बॅग शेवटपर्यंत जात नाही. पहिली कंपनी ती मधल्या देशात उतरवते आणि पट्ट्यावर फिरत ठेवते. तो पट्टा असतो पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्यांच्या पलीकडे. म्हणजे बॅग त्या देशात शिरलेली असते आणि तिच्यामागून माणसालाही शिरावं लागतं. शिरायचं तर त्या देशाचा परवाना हवा, आणि आपल्या पासपोर्टवर तो विमानतळावर हातोहात मिळत नाही. आधी अर्ज करा, आठवडाभर वाट बघा. तेच बॅग हातातली असेल, पुढच्या विमानाचा बोर्डिंग पास खिशात असेल, तर माणूस शिक्क्याच्या खिडकीकडे न जाता आतल्या आत एका दारातून दुसऱ्या दाराशी जातो. काही देश त्यालाही परवाना मागतात. असे देश शिंपी आपल्या जोडणीत कधी घेतच नसे.

गिऱ्हाइकाला तो हे आपल्या पद्धतीने समजावी. "हे बघा साहेब, तुम्ही आत राहिलात तर त्या देशाच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. बॅग बाहेर गेली की तुम्ही आलात. आलात तर विचारणार, कुणाला विचारून आलात?"

"पण मी तर पुढेच चाललोय की."

"तुम्ही चाललाय हो. तुमची बॅग उतरलीय."

आणि नुसत्या सांगण्यावर तो थांबत नसे. टेबलाच्या बाजूला सुताराकडून करून घेतलेली एक लाकडी चौकट होती, विमानात हाताशी ठेवायच्या बॅगेच्या मापाची. प्रवासाच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाने बॅग घेऊन जिना चढायचा, बॅग चौकटीत बसवून दाखवायची, शेजारच्या काट्याला टांगायची, मगच तिकिटाचे कागद हातात. एकदा एक पैलवानी अंगाचा कंत्राटदार बॅगेवर गुडघा देऊन ती चौकटीत कोंबत होता. शिंपी शांतपणे म्हणाला, "साहेब, तिथे गुडघा द्यायला जागा नसते. दोन सदरे काढा." कंत्राटदाराने मुकाट दोन सदरे काढले. बाजारात दबकून वागणारा हा माणूस त्या खुर्चीत बसला की कुणाची भीड ठेवत नसे. भीड ठेवली तर माणूस अडकतो, हे त्याला माहीत होतं.

भीड होती ती फक्त अक्काची.

अक्का त्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा अक्का सोळा वर्षांची होती, तो सात आणि धाकटी चार. अक्काने आईचं हातयंत्र पुढ्यात ओढलं आणि शेजारपाजारच्यांचे उसवलेले, फाटलेले, आखूड झालेले कपडे शिवत दोघांना वाढवलं. काळं, लोखंडी, जड यंत्र. उजव्या बाजूला फिरवायची दांडी आणि तिची लाकडी मूठ झिजून गुळगुळीत झालेली. धाकटी लहानपणी त्या दांडीशी बसून रिळं भरायची. अक्काने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची भावंडांची कधी हिंमत झाली नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या शिंप्याला अक्का अजूनही बाळ्या म्हणे, त्याच्या गिऱ्हाइकांसमोरसुद्धा. "बाळ्या, केस कापायला झालेत." बाळ्या त्याच संध्याकाळी केस कापून येई. त्याची बायको म्हणायची, "मी महिनाभर सांगत होते, ते ह्यांना ऐकू आलं नाही."

धाकटी लग्न होऊन परदेशी गेली, तिकडचीच झाली. एकदा माहेरपणाला आली असताना तिने ते यंत्र मागितलं. आईची एक तरी वस्तू माझ्या घरात असू दे, म्हणाली. अक्का म्हणाली, "तुला कशाला? तिकडे सगळं तयार मिळतं." धाकटी म्हणाली, "आई काय तुझी एकटीचीच होती?" एवढंच. पण अशी वाक्यं बोलली जातात तेव्हा छोटी असतात आणि मग घरात बसून मोठी होतात. पुढे फोन आले ते शिंप्याला. अक्का चौकशी करी, "काय म्हणत होती तुझी बहीण?" आणि तिकडून धाकटी विचारी, "तुझी अक्का बरी आहे ना?" दोघींच्या मध्ये तो निरोप्या.

दोन वर्षांपूर्वी भाचीचं, म्हणजे धाकटीच्या मुलीचं, लग्न निघालं. शिंप्याने खटपट करून अक्काचा तिकडचा व्हिसा काढला, चांगला पाच वर्षांचा. अक्का ऐन वेळी म्हणाली, गुडघे दुखतात. गेली नाही. तो व्हिसा पासपोर्टात कोराच राहिला.

मग एका रविवारी भाचीचा फोन आला. "मामा, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत. अजून ओळखते आहे. सारखी मोठ्या मावशीचं नाव घेते."

शिंप्याने घरी जाऊन अक्काला सांगितलं. अक्का भाजी निवडत होती. तिने निवडलेली एका ताटात केली, न निवडलेली परत टोपलीत टाकली, हात धुतले आणि म्हणाली, "माझं तिकीट काढ. आधीचं मिळेल ते."

त्याचा स्वतःचा पासपोर्ट त्या वेळी नूतनीकरणाला गेलेला होता. सबंध गावाला देशोदेशी धाडणाऱ्या माणसाकडे नेमका स्वतःचा पासपोर्ट नव्हता. अक्काला एकटीलाच जावं लागणार होतं. कचेरीत जाऊन त्याने संगणक उघडला. एका तिकिटावरचा सरळ प्रवास गुरुवारच्या आत मिळत नव्हता. पण मंगळवारी सकाळचं एक विमान मधल्या देशापर्यंत, आणि तिथून चार तासांनी दुसऱ्या कंपनीचं पुढे, असा टाका बसत होता. बुधवारी सकाळी अक्का धाकटीच्या उशाशी. त्याने सगळं ताडून पाहिलं. अक्काच्या पासपोर्टला त्या विमानतळावर आतल्या आत विमान बदलायला परवाना लागत नाही. दुसऱ्या कंपनीचं टेबल आतल्याच बाजूला आहे. पुढचा बोर्डिंग पास आधी काढता येतो. आयुष्यात केलेल्या जोडण्यांत ही सर्वांत नीट होती, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

त्याने अक्काला फोन लावला. रोज गिऱ्हाइकांना सांगायचं वाक्य जिभेवर होतं: बॅग आत द्यायची नाही, हातातली एकच, आणि उद्या ती इथे आणून दाखवायची. पण पलीकडून अक्काचा आवाज आला, "बोल बाळ्या," आणि त्याच्या तोंडून निघालं, "अक्का, फार सामान घेऊ नकोस हं."

"मला कसलं आलंय सामान," अक्का म्हणाली.

झालं. अक्काला जिना चढून ये, बॅग चौकटीत बसवून दाखव, असं सांगणं त्याच्या मनातच आलं नाही. किंवा आलं असेल आणि त्याने ते मागे सारलं असेल. पुढे तो ह्या एका गोष्टीचा पुष्कळ विचार करायचा, पण नक्की काय झालं होतं हे त्याला स्वतःलाही सांगता येत नसे.

मंगळवारी तो कचेरीतून बोर्डिंग पास छापून थेट विमानतळावर गेला. अक्का त्याच्या बायकोबरोबर टॅक्सीने येणार होती. सोडायला आलेल्यांना काउंटरपर्यंत जाऊ देत असत. तो दारापाशी उभा राहिला. टॅक्सी आली. ड्रायव्हर मागचं झाकण उघडून वाकला आणि "अरे बापरे" म्हणाला. त्याने दोन्ही हातांनी उचलून खाली ठेवली ती जुनी, टणक, निळी सूटकेस. कोपरे पिचलेले, वरून दोरी बांधलेली.

"हे काय?" शिंपी बायकोला म्हणाला.

"मी विचारलं हो वन्संना. म्हणाल्या, बाळ्याने फार नको म्हटलंय, म्हणून एकच घेतलीय."

"अक्का, आत काय आहे?"

"यंत्र," अक्का म्हणाली. जणू पाण्याची बाटली म्हणावं इतक्या सहज. "घोंगडीत गुंडाळलंय. हलणार नाही. दांडी काढून वेगळी बांधलीय."

काउंटरवरची मुलगी पोरसवदा होती, पण कामाला चोख. तिने पासपोर्ट पाहिला, पहिलं तिकीट पाहिलं, शिंप्याने पुढे केलेला दुसरा कागद पाहिला आणि सूटकेसकडे नजर टाकली. "ही बॅग द्यायचीय?"

"हो," अक्का म्हणाली.

"आजी, पुढचं विमान दुसऱ्या कंपनीचं आहे. बॅगेला मला शेवटपर्यंतची चिठ्ठी लावता येणार नाही. ती मध्येच उतरेल. ती घ्यायला तुम्हाला बाहेर जावं लागेल. तिथला व्हिसा आहे का?"

"मला तिथे कुठे जायचंय? मला माझ्या बहिणीकडे जायचंय."

"कळलं. पण व्हिसा नसताना मी तुम्हाला विमानात बसवलं तर ते लोक तुम्हाला त्याच कंपनीच्या विमानाने परत पाठवतील आणि आम्हाला दंड करतील."

अक्काने शिंप्याकडे पाहिलं. ती नजर त्याला लहानपणापासून ओळखीची होती: आता तू बोल. पण बोलायचं ते त्याने त्या मुलीशीच बोलून घेतलं. "बॅग नसेल तर?"

मुलीने संगणकावर पासपोर्टचा देश, मधला देश, शेवटचा देश घातला आणि वाचलं. "हातातलंच सामान आणि पुढचा बोर्डिंग पास असेल तर आतल्या आत जाता येईल. तेवढी परवानगी आहे. पण बॅग नको. आणि काका, लवकर ठरवा, काउंटर बंद व्हायला वीसच मिनिटं आहेत."

"हातात नेऊ दे ना त्यांना," त्याची बायको म्हणाली.

मुलीने सूटकेस काट्यावर ठेवून घेतली आणि मान हलवली. हातातल्या सामानाला चालतं त्याच्या दुप्पट वजन भरलं.

शिंप्याने अक्काला बाजूच्या बाकावर नेलं. तिच्या खांद्याला एक कापडी पिशवी होती. औषधं, चष्मा, एक जोड कपडे. तेवढ्यावर ती जाऊ शकत होती. "अक्का, यंत्र मी ठेवतो. मागाहून पार्सलने पाठवतो. तू नुसती जा."

"नुसती?"

"नुसती."

"बाळ्या, इतक्या वर्षांनी मी तिच्यासमोर रिकाम्या हातांनी जाऊन उभी राहू? काय सांगू, तुझं यंत्र पार्सलने येतंय?"

"अगं, तिला यंत्र नकोय. तिला तू हवी आहेस."

"तुला काय माहीत तिला काय हवंय. तू तेव्हा कचेरीत होतास." अक्काने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला. मग हळू आवाजात म्हणाली, "मी ते दिलं नाही रे. देऊन टाकलं असतं तर काय बिघडलं असतं? मला ते तिच्या हातात द्यायचंय. बोलायला मला जमणार नाही. ते दिलं की बोलावं लागणार नाही."

काउंटरवरची मुलगी त्यांच्याकडे बघत होती. रांग संपली होती.

ह्या जागी एखादं गिऱ्हाईक असतं तर शिंप्याने काय केलं असतं, हे सांगायला नको. त्याने सूटकेस ओढून मागे ठेवली असती, बोर्डिंग पास हातात कोंबला असता आणि म्हटलं असतं, साहेब, चला, वाद नंतर घाला. अक्का त्याच्याशी आठ दिवस बोलली नसती. पण ती विमानात असती. त्याच्या बायकोने त्याच्या बाहीला हात लावला, म्हणजे तिलाही तेच म्हणायचं होतं. तो अक्काकडे बघत राहिला. ती बाकाच्या कडेवर बसली होती, पाय जमिनीला जेमतेम टेकलेले, आणि एक हात त्या दोरी बांधलेल्या सूटकेसवर. आईच्या यंत्रावर असाच हात ठेवून ती दुपारी डोळा लागला की बसल्या बसल्या झोपत असे.

"गुरुवारी सरळ तिकीट आहे," तो म्हणाला. "एकाच कंपनीचं. बॅगेला इथूनच शेवटपर्यंतची चिठ्ठी लागते, मध्ये कुणी विचारत नाही. यंत्र घेऊन जाशील."

"दोन दिवसांनी काय होतंय," अक्का म्हणाली. हा प्रश्न नव्हता. पण तिने त्याच्याकडे पाहिलं ते त्याने 'हो' म्हणावं म्हणून.

"काही नाही होत," तो म्हणाला.

बुधवारी संध्याकाळपर्यंत धाकटी चांगली शुद्धीवर होती. भाचीने फोनवर सांगितलं की आईने आज उशा लावून बसवायला सांगितलं, खिडकीपाशी एक खुर्ची ठेवून घेतली, कुणाला त्यावर बसू देत नाही. गुरुवारी अक्का निघाली. निळी सूटकेस पट्ट्यावरून आत गेली, तिच्या मुठीला शेवटच्या शहराची पांढरी चिठ्ठी. काउंटरवर मंगळवारचीच मुलगी होती. "आता काही अडचण नाही, आजी," ती हसून म्हणाली. अक्काही हसली.

विमान वाटेत असतानाच भाचीचा फोन आला. शिंपी कचेरीत होता. समोर एक तरुण जोडपं बसलं होतं. त्याने ऐकून घेतलं, "बरं," म्हणाला, आणि फोन टेबलावर पालथा ठेवला. जोडप्याला म्हणाला, "तुम्ही उद्या या." ती दोघं काही न विचारता उठली.

मधल्या देशात अक्काला सहा तास काढायचे होते. त्या सहा तासांत ती पुढे जाऊ शकत नव्हती आणि मागेही येऊ शकत नव्हती. बाहेर पडून कुठल्या झाडाखालीही बसू शकत नव्हती. शिंप्याने ती जागा हजार लोकांना समजावून सांगितली होती. काचेची लांबच लांब भिंत, खुर्च्यांच्या रांगा, पाण्याचा नळ कुठे, विमान बदलायचं टेबल कुठे. सगळं त्याला न जाता पाठ होतं. आता त्या खुर्च्यांतल्या एकीवर अक्का बसलेली त्याला दिसायला लागली. तिला सांगावं की सांगू नये, ह्या विचारात असतानाच फोन वाजला. कुणा सहप्रवासी बाईंनी तिला तिथलं वायफाय जोडून दिलं होतं.

"बाळ्या, पोचले रे इथवर. सगळं तू सांगितलंस तसंच आहे. बॅगेचं कुणी काही विचारलं नाही."

"छान झालं. पाणी पिऊन घ्या. नळ स्वच्छतागृहाच्या उजव्या हाताला आहे. पुढच्या विमानाचं दार फलकावर येईल, ते बघत राहा. बदलतं कधीकधी."

पलीकडून कुठल्याशा दुसऱ्या विमानाची घोषणा ऐकू आली.

"बरं," अक्का म्हणाली. "इथून काचेतून गवत दिसतंय. मोठं मैदान आहे. कुणी माणूस नाही त्यात."

"हं."

"ठेवते मग."

तिने धाकटीची चौकशी केली नाही. त्याला वाटलं, बरं झालं, विसरली.

भाची विमानतळावर घ्यायला आली आणि तिने तोंड उघडायच्या आत अक्का म्हणाली, "मला माहीत आहे. कधी गेली, तेवढं सांग." हे भाचीने नंतर मामाला सांगितलं. अक्काने स्वतः सांगितलं ते परत आल्यावर, आणि तेही जेवताना, पुढ्यातल्या ताटाकडे बघत. "तू मला 'पिऊन घ्या' म्हणालास. गिऱ्हाइकाशी बोलतोस तसं. तेव्हाच कळलं. मग सहा तास होते की माझ्याकडे. तिथे कुणी ओळखीचं नव्हतं, ते बरं झालं."

शिंप्याचा घास हातातच राहिला. "अक्का, माझंच चुकलं. मी मंगळवारी..."

"भात घे," अक्का म्हणाली.

यंत्र तिकडेच राहिलं. भाचीने ते परत न्या म्हणून पुष्कळ सांगितलं. आईने अलीकडे कधी त्याचं नावही काढलं नव्हतं, म्हणाली. फक्त खुर्ची, खुर्ची करत होती. मोठी मावशी आली की तिला उजेडात बसव, तिला शिवताना उजेड लागतो. अक्का तिकडे होती तितके दिवस त्या खुर्चीवर बसली. येताना यंत्र तिथेच खिडकीत ठेवून आली.

त्यानंतर शिंप्याने जोडकाम बंद केलं. लोक येत, म्हणत, दोन तुकड्यांचं बघा ना जमतंय का. तो म्हणे, सरळ असेल तर देतो, नाहीतर दुसरीकडे बघा. सरळ तिकिटं तर लोक घरी बसून स्वतःच काढू लागले होते. खुर्च्या रिकाम्या राहू लागल्या. लाकडी चौकटीत कुणीतरी जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती, बहुधा त्यानेच. बायको म्हणायची, "अहो, टाका चुकला नव्हता तुमचा." तो म्हणे, "टाक्याचं बोलतंय कोण." रात्री झोप नाही, असं काही झालं नाही. तो जेवे, झोपे, केस वेळेवर कापी. फक्त अक्काने काही सांगितलं की पूर्वीसारखा पटकन 'हो' म्हणेना. आधी थोडा थांबे. अक्काच्या ते लक्षात आलं होतं.

वर्ष होत आलं तेव्हा एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. दर दोन पायऱ्यांनी थांबत होती. शिंपी उठून दाराशी गेला तर अक्का. कचेरी काढल्याला इतकी वर्षं झाली, ती कधी वर आली नव्हती; जिना गुडघ्यांना जमत नाही, म्हणायची. हातात एक छोटी नवी करडी बॅग होती.

"अगं, खालून हाक मारायचीस."

"गिऱ्हाईक हाक मारतं का?" ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. दम खाऊन झाल्यावर म्हणाली, "धाकटीची पोरगी यंत्र चालवायला शिकलीय. दोरा तुटतो म्हणते. फोनवर सांगून समजत नाही, ताण कुठे सैल करायचा ते. मला बोलावलंय. व्हिसा आहे अजून. तिकीट काढ."

"काढतो. सरळ मिळतंय पुढच्या आठवड्यात."

"दोन तुकड्यांचं काढ."

"नाही अक्का."

"का? तुला येतं ना? आईचा धंदा आहे तो." तिने खोलीभर नजर फिरवली, चौकटीतल्या वर्तमानपत्रांवर थांबली. "ते उचल."

त्याने वर्तमानपत्रं उचलली. अक्का उठली, वाकली आणि करडी बॅग स्वतःच्या हाताने चौकटीत ठेवली. चारी बाजूंनी बोटभर जागा उरली.

"बसतेय का, बघ नीट."

"बसतेय."

"आता सांग. सगळ्यांना सांगतोस तसं. मला तू कधी सांगितलंच नाहीस."

तो टेबलापलीकडे जाऊन बसला. घसा साफ केला. सुरुवातीला शब्द सापडेनात, मग जिभेच्या सवयीने येत गेले. आत राहिलात तर त्या देशाच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत. बॅग बाहेर गेली की तुम्ही आलात. पुढचा बोर्डिंग पास जवळ ठेवायचा. शिक्क्याच्या खिडकीकडे जायचं नाही, विमान बदलायच्या पाटीच्या दिशेने जायचं. अक्का मान डोलावत ऐकत होती, शाळेत बसल्यासारखी.

"आणि बॅग आत द्यायची नाही. कुणी काही म्हटलं तरी नाही."

"आणि मी नाही ऐकलं तर?"

शिंपी चौकटीकडे बघत राहिला. "तर मी ती तुझ्या हातातून काढून घेईन," तो म्हणाला.

अक्काने बॅग चौकटीतून उचलून मांडीवर घेतली. तिची चेन आधीच लागलेली होती, तरी तिने ती पुन्हा एकदा शेवटपर्यंत ओढून पाहिली.

"हे तेव्हा म्हणायचं होतंस, बाळ्या," ती म्हणाली.